पटकथेच्या तिसऱ्या खर्ड्यावरील सूचनांना उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वाचनाच्या बैठकीनंतरचे आपले टिपण आणि त्यानंतर आठवड्याभराने आलेले पत्र, ही दोन्ही मी शेजारी ठेवून वाचली. मोहनने कागदावर आईचा अंगठा उठवला हे प्रेक्षकाला लवकर कळावे, असे टिपणात आहे. पत्रात मात्र हे रहस्य शेवटपर्यंत राखावे, असे आपण म्हटले आहे. लांबी १२४ पानांवरून ११० वर आणायची आहे आणि त्याच वेळी वडिलांचा पूर्वेतिहास सांगणारा फ्लॅशबॅक, तसेच शेजाऱ्याचे आणखी विनोदी प्रसंगही हवे आहेत. मोहनची बहीण रेवती एके ठिकाणी अधिक मायाळू, तर दुसरीकडे अधिक कठोर व्हावी, अशी अपेक्षा आहे. या सूचना एकमेकींना छेद देत असल्या, तरी बहुतेकींचा रोख खर्ड्यातल्या एकाच दुबळ्या जागेकडे आहे असे मला वाटते. पान ४० ते ७० या टप्प्यात रेवती स्वतः काहीच करत नाही, इतर लोक येऊन तिला माहिती देत राहतात, आणि म्हणूनच ती कुणाला कोरडी वाटते, तर कुणाला मवाळ.

रहस्याबाबत मी टिपणातली सूचना स्वीकारत आहे. अंगठा कुणी उठवला हे लपवून ठेवले, तर दीड तास प्रेक्षक फक्त तर्क लढवत बसेल. ते त्याला ठाऊक असले आणि रेवतीला नसले, तर बहीण-भावाच्या साध्या जेवणाच्या प्रसंगातही ताण राहील. मात्र पत्रातली शेवटच्या धक्क्याची मागणीही मला सोडायची नाही. ‘कुणी’ हे आधी कळेल, ‘का’ हे शेवटी. त्यासाठी दृश्य ९ असे लिहिले आहे:

दृश्य ९. आईची खोली. रात्र.
कंदिलाच्या उजेडात फक्त हात दिसतात. आई डाव्या हाताने पेला खाली ठेवते. मोहन तिचा उजवा हात उचलतो, अंगठा शाईच्या पॅडवर टेकवतो आणि कागदावर दाबतो. फडक्याने शाई पुसताना त्याची बोटे थरथरतात. कुणी बोलत नाही.

नेहमी सही करणाऱ्या आईचा अंगठा पाहून रेवतीला संशय येतो आणि हे दृश्य पाहिलेला प्रेक्षकही मोहनलाच दोषी धरतो. शेवटी हाच प्रसंग समोरून दिसेल : लुळा पडलेला उजवा हात आई स्वतःच्या डाव्या हाताने मोहनपुढे सरकवते. म्हणूनच दृश्य ९ मध्ये ती पेला डाव्या हाताने ठेवते. मोहन हात उचलतो त्याच्या आधीचा हा क्षण तिथे वगळला आहे. जे दाखवले आहे त्यात खोटे काही नाही, आणि ही अट मला फार महत्त्वाची वाटते.

रेवतीला मायाळू करण्यासाठी संवाद वाढवणार नाही. त्या तीस पानांत ती स्वतः जाऊन दस्ताची नक्कल मिळवेल, भावाविरुद्ध तक्रार लिहील आणि मध्यंतरापर्यंत ती कुणालाही न देता पर्समध्ये बाळगेल. तिचा कठोरपणा तक्रार लिहिण्यात आणि माया ती न देण्यात दिसेल, असा माझा प्रयत्न राहील.

वडिलांचा फ्लॅशबॅक मात्र मी घेऊ शकत नाही. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट धरले, तर त्याला लागणाऱ्या सात पानांमुळे कथा ऐन भरात सात मिनिटे थांबेल. मोहनवर लहान वयात कर्जाचा भार पडला, एवढेच त्यातून कळायला हवे आहे. ते हिशेबाच्या वहीतून कळेल : रेवती पाने उलटते, एका पानानंतर वडिलांचे वळणदार अक्षर संपते आणि शाळकरी मुलाचे वेडेवाकडे आकडे सुरू होतात. यासाठी वेगळे दृश्य लागणार नाही.

लांबीची सूचना पूर्णपणे मान्य आहे. शेजाऱ्याचे उपकथानक काढल्याने आठ, सुरुवातीचा प्रवास काढल्याने तीन, तर फोनवरची दोन संभाषणे काढल्याने मिळून तीन पाने वाचतात. शेजाऱ्याच्या विनोदावर आपला लोभ आहे हे मी जाणतो, पण ते प्रसंग नेमके रेवती निष्क्रिय असलेल्या टप्प्यात येतात. तिथे त्यांना वाढवले, तर मूळ दुखणे अधिक बळावेल. त्याचा अंत्यविधीनंतरचा एकच प्रसंग ठेवत आहे, कारण आई सही करत असे हे तिथेच कळते.

चौथा खर्डा तीन आठवड्यांत देईन. त्यावरील सूचना आपण आणि दिग्दर्शकांनी आधी आपसांत ठरवून एकत्रित पाठवाव्यात, ही विनंती. शेजाऱ्याच्या भूमिकेसाठी ज्या नटांशी आपली बोलणी सुरू आहेत, त्यांना भूमिका लहान झाल्याचे करार होण्यापूर्वीच सांगावे लागेल. त्यासाठी दृश्य ९ आणि त्यांचा उरलेला प्रसंग सोबत जोडला आहे.

आपला स्नेहांकित,
पटकथालेखक