पाऊस ऐकला नाही, थांबला

प्रिय सानिका,

तुझी वही परत देते आहे. मुलगा स्टेशनवर आजोबांची वाट बघतो, ती जर्मन गोष्ट तू संपवू शकली नाहीस म्हणून वर्गात तुझा चेहरा उतरला होता. तेव्हा सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून हे लिहिते.

गोष्टीच्या पहिल्या पानावर साधारण अडीचशे शब्द आहेत. त्यातल्या ४२ शब्दांखाली तू रेघा मारल्यास आणि जवळजवळ प्रत्येकावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलास. एक शब्द बघायला अर्धा मिनिट धरलं तरी नुसत्या शोधण्यात एकवीस मिनिटं गेली. त्यानंतर मी विचारलं, "मुलगा घरी का जात नाही?" तुला सांगता आलं नाही. इतके कष्ट घेऊनही गोष्ट हाती लागली नाही, याचं मला वाईट वाटलं, कारण तू आळशी नाहीस. उलट वर्गात सगळ्यात जास्त मेहनत तूच घेतेस.

त्या पानावरचं हे वाक्य बघ: डेर रेगेन ह्योर्टं एर्स्ट गेगेन आबेंट आउफ. 'ह्योर्टं' शब्द आला तशी तू थांबलीस, मोबाईलवर बघितलंस आणि वर लिहिलंस, 'ऐकला'. मग पाऊस कुणी ऐकला, या विचारात अडकलीस. वाक्याच्या शेवटी तो छोटासा 'आउफ' उभा होता. त्याच्यामुळे क्रियापद 'ह्योरेन' राहत नाही, 'आउफह्योरेन' होतं, म्हणजे थांबणं. पाऊस थेट संध्याकाळकडे थांबला, म्हणून मुलगा तिथेच उभा होता. मघाच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यात होतं. जर्मन क्रियापदाचा तुकडा असा वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. वाक्य संपायच्या आत शब्दकोश उघडला, की तो बरोबर अर्थ देऊनही आपली दिशाभूल करतो. त्यात त्याची चूक नाही, आपण त्याला अर्धाच शब्द विचारलेला असतो.

दुसरी गोष्ट डोक्याच्या क्षमतेची. माणूस एका वेळी जेमतेम चार-पाच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो, त्याही काही सेकंदच. वाक्य वाचताना कर्ता कोण, काय चाललंय, 'तो' म्हणजे मुलगा की आजोबा, हे सगळं त्या एवढ्याशा जागेत मावलेलं असतं. तू मोबाईल उचलतेस, शब्द टाइप करतेस, आलेल्या सहा अर्थांतून एक निवडतेस, वर एखादा मेसेज दिसतो. पानाकडे परत येईपर्यंत ती जागा रिकामी झालेली असते. मग वाक्य पहिल्यापासून. याला वाचन म्हणायचं की निवडणं? तांदळातले खडे वेचावेत तसे शब्द वेचून होतात, भात शिजतच नाही.

तू कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वाढलीस. माजघर, ओसरी, परसू, कोनाडा यांतलं काही तुझ्या घरात नाही. तरी हे शब्द तुला कळतात ना? कुणी शिकवले? लहानपणी गोष्टी वाचताना कुणीतरी कोनाड्यात दिवा ठेवला, दुसऱ्या गोष्टीत कोनाड्यातून किल्ली काढली, तिसरीत पोरानं तिथे गोट्या लपवल्या. चौथ्या वेळी तुला कोनाडा दिसायला लागला. शब्द असाच येतो, थोडा थोडा, आपल्या सोबतच्या शब्दांचं बोट धरून.

शब्दकोश माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून त्याची निंदा करते आहे असं समजू नकोस. आपल्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात, १९४८ पासून संस्कृतचा मोठा कोश चालू आहे. त्यासाठी ग्रंथ वाचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या केल्या गेल्या. शब्द कुठे आला, कसा वापरला, हे त्या चिठ्ठ्यांतून गोळा झालं आणि त्यावरून अर्थ ठरवत गेले. कोशकारसुद्धा आधी वाक्य वाचतो, सानिका.

संदर्भावरून अर्थ लावणं नेहमी जमतं असंही नाही. इंग्रजी वाचनावर झालेल्या अभ्यासात आढळलं, की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असले, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी, तर बहुतेकांना आधाराशिवाय आरामात वाचता येतं. पन्नासात आठ अनोळखी असतील तर अंदाज कशावर बांधणार? तुझ्या रेघांनी हिशोब तसाच दिसतो. म्हणून मी तुझे ४२ शब्द एकेक करून तपासले. १३ आपण वर्गात केलेले आहेत. तुला ते येतात, पण खात्री नाही म्हणून तू बघितलेस. ९ जोडशब्द आहेत, ज्यांचे दोन्ही भाग तुला माहीत आहेत. ६ झाडांची आणि कापडांची नावं आहेत. 'कसलंतरी झाड' एवढं कळलं तरी गोष्ट पुढे जाते. खरे अनोळखी उरले १४. अजूनही थोडे जास्तच आहेत, म्हणून सोबत एक सोपं पुस्तक ठेवलं आहे. ते आधी वाच.

आणि गंमत बघ, ज्यांच्यावर सगळं अवलंबून होतं ते 'ट्रोत्सडेम' आणि 'ओबवोल' तू सोडून दिलेस, लहान दिसतात म्हणून. 'तरीही' आणि 'जरी' सुटलं की वाक्याचा अर्थ उलटा होतो. असे शब्द मात्र जरूर बघ.

या आठवड्यात असं कर. मेट्रोत वनाजला बसलीस की डेक्कन येईपर्यंत मोबाईल बॅगेत ठेवायचा आणि एक पान सलग वाचायचं. अडलेल्या शब्दाशेजारी बारीक टिंब, बस. पान संपलं की मनात मराठीत सांग काय झालं. मग दुसऱ्यांदा वाच. काही टिंबं आपोआप गळून पडतील. 'फ्रोर' आठव. तुझ्या वहीत तिथे दोन प्रश्नचिन्हं आहेत, कारण मूळ क्रियापद 'फ्रीरेन' असल्यामुळे तो तुला सापडलाच नाही. पण मुलानं कोट आणला नव्हता, तो हात एकमेकांवर चोळत उभा होता आणि 'फ्रोर'. आता तूच सांग त्याला काय होत होतं.

उरलेल्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे किंवा अर्थ अडवणारे, जास्तीत जास्त पाच शब्द घरी येऊन बघ. वहीत सुटा शब्द लिहू नकोस, तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य उतरव.

सुरुवातीला अस्वस्थ वाटेल. मलाही वाटायचं. माझी पहिली जर्मन कादंबरी मी शब्द-शब्द बघत वाचायला घेतली आणि तीन महिन्यांनी एकोणिसाव्या पानावर सोडली. पुढच्या वर्षी प्रवासात कोश बरोबर नव्हता, नाइलाजाने नुसती वाचत गेले, आणि पन्नासाव्या पानाच्या आसपास त्या घरातली माणसं मला ओळखीची झाली. जर्मनच्या बी-वन पातळीच्या परीक्षेतही वाचनाचे पाच भाग ६५ मिनिटांत करायचे असतात आणि शब्दकोश नेता येत नाही, पण खरं सांगायचं तर मला तुझ्या परीक्षेपेक्षा त्या माणसांची काळजी जास्त आहे. ती तुला भेटायला हवीत.

गुरुवारी येशील तेव्हा मला फक्त गोष्ट सांग. शेवटच्या पानावर आजोबा हातात 'रेगेनशिर्म' घेऊन येतात. 'रेगेन' तुला येतो. तो बघायला मोबाईल काढू नकोस.

तुझ्या मॅडम