छत्री, जिन्यातला दिवा आणि न्यूरल नेटवर्क

हॅलो, आवाज येतोय ना मागे? ओके. मी थर्ड इयरला आहे, आणि क्लबने मला न्यूरल नेटवर्क समजवायला पंधरा मिनिटं दिलीयत, त्यामुळे आज मेंदूचं चित्र दाखवणार नाहीये. प्रत्येक स्लाइड डेकमध्ये ते निळं चमकणारं मेंदूचं चित्र असतं आणि ते बघून कुणाला काहीही कळत नाही. १९४३ मध्ये मॅककलक आणि पिट्स यांनी मेंदूतल्या पेशीचं साधंसं गणिती मॉडेल मांडलं, तिथून ते 'न्यूरल' नाव चिकटलं, बाकी आज आपण करतो तो गुणाकार आणि बेरीजच आहे.

तर छत्री. सकाळी दारात उभे आहात, न्यायची का नाही? आभाळ भरलंय, त्याला तुम्ही ३ मार्क देता. फोन म्हणतोय पाऊस येणार, त्याला २, कारण फोनवर तुमचा तेवढा विश्वास नाही. आई म्हणाली ने, तिला ५. (हसू नका, तुमच्याही घरी ५च आहे.) बॅग आधीच जड आहे, त्याचे वजा २. आणि नियम असा की बेरीज ३ किंवा वर गेली तर छत्री घ्यायची. नुसतं आभाळ आणि जड बॅग, ३ वजा २, १ झाला, नाही घेतली. आभाळ, फोन आणि बॅग, बरोब्बर ३, घेतली. बास, हा एक न्यूरॉन झाला! त्या मार्कांना वेट म्हणायचं, आणि तो ३ चा उंबरठा नेटवर्कमध्ये बायस या नावाने येतो. एवढंच आहे ते.

आता शिकणं म्हणजे काय, तर समजा आभाळ आणि बॅगवाल्या दिवशी छत्री नेली नाही आणि भिजलात. उद्यापासून काय कराल? आभाळाचं वेट थोडं वाढवाल. उलट दिवसभर छत्री वागवली आणि थेंब पडला नाही, तर त्या दिवशी जे जे 'ने' म्हणाले त्यांचं वेट थोडं कमी. आणि ज्याने त्या दिवशी मतच दिलं नाही त्याला हात लावायचा नाही, आई गावाला गेली असेल तर तिच्यावर कशाला राग काढायचा. जवळपास हेच फ्रँक रोझेनब्लॅटचं पर्सेप्ट्रॉन, १९५० च्या दशकातलं. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं एवढंच? पण पुढे गडबड आहे.

गडबड जिन्यात आहे. जिन्यातला दिवा असतो बघा, एक स्विच खाली, एक वर, कुठूनही चालू-बंद करता येतो. समजा दोन्ही स्विच खालच्या बाजूला असले की दिवा बंद. कुठलाही एक वर केला की चालू. दोन्ही वर केले की परत बंद. आता हे एका न्यूरॉनला जमवून दाखवा. खालच्या स्विचने एकट्याने दिवा लागतो, म्हणजे त्याचं एकट्याचं वेट उंबरठ्याच्या वर हवं. वरच्याचंही तसंच. मग दोन्ही एकत्र आले की बेरीज अजूनच वर जाणार ना? म्हणजे दिवा लागणार, आणि आपल्याला तर तो बंद हवाय. कुठलेही आकडे टाका, जमतच नाही. याला एक्सऑर म्हणतात, आणि मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये पर्सेप्ट्रॉनच्या अशा मर्यादा गणिताने मांडल्या, त्यानंतर बराच काळ या विषयाकडे लोकांचं लक्ष कमी झालं.

उपाय मात्र साधा आहे, मध्ये दोन माणसं बसवा. एक फक्त बघतो 'निदान एक तरी स्विच वर आहे का', दुसरा बघतो 'दोन्ही वर आहेत का'. शेवटचा न्यूरॉन पहिल्याचं ऐकतो आणि दुसऱ्याचं वजा करतो. झालं! ही मधली माणसं म्हणजे हिडन लेयर. माझं मत विचाराल तर अख्ख्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, की मधल्या लोकांनी प्रश्न नव्याने मांडला की शेवटच्याचं काम सोपं होतं.

पण मग चूक झाली तर दोष कुणाचा? ग्रुप प्रोजेक्ट आठवा. प्रेझेंटेशन फसलं, बोलणारा म्हणतो मला स्लाइडच चुकीची मिळाली, स्लाइडवाला म्हणतो मला डेटाच तसा आला, आणि शेवटी सगळे व्हॉट्सॲपवर भांडतात. बॅकप्रोपगेशन म्हणजे हेच भांडण, पण हिशोबात, शेवटापासून मागे मागे येत प्रत्येकाच्या वाटणीला किती दोष ते काढायचं, ज्याच्यावर जास्त भिस्त होती त्याच्याकडे जास्त दोष. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या पेपरनंतर हे सगळीकडे पसरलं. त्यासाठी एक बदल लागतो, न्यूरॉन नुसता चालू-बंद स्विच असून चालत नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा हवा, म्हणजे जरा फिरवला की जरा फरक पडतो आणि कुठल्या दिशेने फिरवायचा ते कळतं.

आणि किती फिरवायचा? शॉवर. पाणी गार लागलं म्हणून गरम नळ धाडकन पूर्ण फिरवला की भाजतं, मग घाबरून उलटा फिरवला की बर्फ, असं आपण नाचत बसतो. थोडं फिरवायचं, बघायचं, परत थोडं. या 'थोडं'ला लर्निंग रेट म्हणतात. मी पहिल्यांदा तो भलताच मोठा ठेवला होता, काही मिनिटांत स्क्रीनवर एररच्या जागी नुसतं `nan` `nan`, म्हणजे 'हा आकडाच नाही', असं यायला लागलं आणि मला वाटलं लॅपटॉप गेला.

नळ किती असतात ते पण ऐका. हाताने लिहिलेले अंक ओळखायचा एमनिस्ट नावाचा डेटासेट आहे, शिकायला ६०,००० चित्रं, परीक्षेला १०,००० वेगळी. एक चित्र २८ बाय २८, म्हणजे ७८४ ठिपके. मध्ये १०० न्यूरॉन आणि शेवटी १० ठेवले तर वेट आणि बायस धरून ७९,५१० नळ होतात, आणि हे अगदी पिल्लू नेटवर्क.

परीक्षेला वेगळी चित्रं का, तर जुने पेपर पाठ करून मार्क मिळवणारा मुलगा तुम्हाला माहितीये, प्रश्न जरा फिरवला की गार. नेटवर्कही पाठांतर करतं, त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. पण माझी फजिती त्याहून भारी होती. परीक्षेत माझं नेटवर्क मस्त पास झालं, म्हणून मी ऐटीत कागदावर ७ लिहिला, फोटो काढून दिला, उत्तर चूक. परत लिहिला, चूक. अर्धी रात्र मी कोडमध्ये बग शोधत बसलो, आणि मग लक्षात आलं की एमनिस्टमध्ये काळ्यावर पांढरे अंक असतात आणि माझा पांढऱ्या कागदावर काळा. रंग उलटे केले, लगेच ७. आपल्याला तो आधीही ७च दिसत होता, त्याला नाही, कारण त्याने ७ कधी 'पाहिलाच' नव्हता, ठराविक जागचे ठिपके पांढरे असतात एवढंच त्याला माहीत होतं.

बरं, आता कागद वाटतोय. त्यावर जिन्यातला दिवा आहे आणि मधल्या दोन माणसांची वेट्स रिकामी आहेत. दोघादोघांत बसा, आकडे भरा, चारही केस तपासा, फोन बाहेर काढू नका. एक हिंट देतो, मधल्या दोघांना वेट्स सारखीच दिली तरी चालतात, फक्त उंबरठे वेगळे ठेवा. आणि कुणीतरी तो पंखा कमी करा रे, कागद उडतायत.