डिटेक्टरचा आकडा आणि मुलांचा गृहपाठ : आठवी 'ब'च्या पालकांसाठी

नमस्कार,

मुंबईच्या पावसाळ्यावरच्या इंग्रजी निबंधानंतर आपल्या वर्गातल्या सहा घरी '८२ टक्के एआय', '६४ टक्के एआय' असे मेसेज गेले. आकडा पोहोचला, अर्थ पोहोचला नाही. एका मुलीला घरी फार बोलणी बसली आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गात मान वर करेना. मेसेज मीच पाठवले होते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे आकडे डिटेक्टरने दिलेले होते, म्हणजे मजकूर एआयने लिहिला आहे का याचा अंदाज करणाऱ्या सॉफ्टवेअरने. डिटेक्टर मुलाला लिहिताना पाहत नाही. एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यं किती एकसारखी आहेत, यावरून तो अंदाज बांधतो. साधी, ठरावीक वाक्यं आली की आकडा चढतो. आणि आपली मुलं इंग्रजी लिहितात ती नेमकी अशीच : मोजके शब्द, गाइडमधून पाठ केलेली सुरुवात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले, तरी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास बिनचूक ओळखले गेले. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेही आपला डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत बंद केला. कारण दिलं, अचूकता कमी.

वर्गात ४८ मुलं आहेत. समजा, डिटेक्टर वीसात एकदाच चुकला, तरी प्रत्येक गृहपाठाला दोन-तीन निर्दोष मुलं अडकतील.

८२ टक्के म्हणजे 'शंभरातल्या ८२ ओळी चोरल्या' असा पुरावा नव्हे. त्या मजकुराची ठेवण यंत्राच्या लिखाणासारखी वाटते, एवढंच तो आकडा सांगतो. का वाटते, ते मुलाशी बोलल्याशिवाय कळत नाही. आकडा शून्य आला म्हणून गृहपाठ मुलानेच केला असंही नाही : ताईने किंवा क्लासच्या सरांनी लिहून दिलेलं डिटेक्टरला कळणार नाही, आणि एआयचा मजकूर थोडा फिरवून लिहिला तरी तो फसतो.

त्या मुलीला मी नंतर शेजारी बसवून विचारलं. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून बाबांचा हात धरून कशी आली, हे तिने न अडखळता सांगितलं. निबंध तिचाच होता.

यापुढे आकड्यावरून गुण कापले जाणार नाहीत आणि तसा मेसेजही घरी येणार नाही. शंका आली तर मी आधी मुलाशी बोलेन, कच्चं लिखाण पाहीन, वर्गात एक परिच्छेद लिहून घेईन. म्हणून कच्ची पानं फाडू देऊ नका. मुलाने एआयची मदत घेतली असेल तर त्याने ती मोकळेपणाने सांगावी. सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा होणार नाही.

ज्या सहा घरी मेसेज गेले, त्यांनी शनिवारी ११ ते १ या वेळात वही घेऊन जरूर यावं. मुलांनाही सोबत आणा, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

आपली,
वर्गशिक्षिका, आठवी 'ब'