कमी सोडियमचं मीठ

अण्णांचे पाय दोन दिवस जड झाले होते. वयानं होतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढून 6.4 आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी ईसीजी काढायला लावला आणि मग विचारलं, "स्पायरोनोलॅक्टोनची गोळी घेताय ना? आणखी काय चालू आहे?"

"काही नाही. उलट मीठ बंद केलंय. सून कमी सोडियमचं आणते, तेच वापरतो."

"डबी आहे?"

सुनेनं पिशवीतून काढली. चष्मा कपाळावर सरकवून अण्णांनी बारीक अक्षरं डोळ्यांजवळ धरली : पोटॅशियम क्लोराइड.

"ही गोळी पाणी आणि सोडियम बाहेर काढते, पण पोटॅशियम अडवून ठेवते," बाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही ते वरून घालताय, आणि मूत्रपिंडं आता तरुण नाहीत. पाय जड होतात ते एक वेळ ठीक, पण हृदयाचे ठोके बिघडले तर पुढचं सांगायला वेळ मिळत नाही."

"म्हणजे साधं मीठच बरं होतं?" अण्णांचा सूर जिंकल्यासारखा.

"तेही बेतानंच. आणि आज घरी जायचं नाही, ॲडमिट व्हायचंय."