विषय : वेतनाचा फेरविचार होण्याबाबत विनंती

मा. व्यवस्थापक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी २०१६ पासून आपल्या भोसरीच्या कारखान्यात लेखा विभागात काम करत आहे. रुजू झालो तेव्हा खरेदीची बिले टॅलीत नोंदवणे एवढेच माझ्याकडे होते. आज दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी आणि पुरवठादारांची देणी हे सगळे मी पाहतो. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले, तेव्हा बाहेरचा सल्लागार न नेमता आपण ते काम विभागातच बसवले. बिलावरचा क्यूआर कोड पाहिल्याशिवाय गोदामातून गाडी सुटत नाही, ही शिस्त तेव्हाच लागली. त्या कामाचा मला अभिमान वाटतो.

सध्या माझे मासिक वेतन ३८,००० रुपये आहे. नेहमीची वार्षिक वाढ मिळत आली, त्याबद्दल मी आभारी आहे. मात्र वाढलेल्या जबाबदारीचा वेगळा विचार अजून झालेला नाही. तो व्हावा आणि वेतन ४५,००० रुपयांच्या आसपास न्यावे, अशी नम्र विनंती. नव्या यंत्राच्या हप्त्यांमुळे यंदा हात आखडता आहे, हे हिशेब माझ्यासमोरच असल्याने मी जाणतो. वाढ दोन टप्प्यांत दिली तरी माझी हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात आपल्या सोयीने थोडा वेळ दिलात, तर कामाचा तपशील घेऊन भेटायला येईन.

आपला विश्वासू,
वरिष्ठ लेखापाल, लेखा विभाग