सनद कशी वाचायची : प्रथम वर्ष, घटक तिसरा, वाचनटिपण

सनद हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. पेशव्यांनी अमक्याला गाव इनाम दिल्याची सनद आपण शाळेच्या इतिहासात वाचलेली असते. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ टेकू, आधार. हदीसशास्त्रात सनद म्हणजे पैगंबरांचे वचन आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या तोंडून आले, त्या माणसांची साखळी. साखळीतला प्रत्येक जण रावी, आणि साखळी संपल्यावर येणारा मजकूर म्हणजे मतन. परीक्षेत मुले मतन पाठ करून येतात आणि सनद गाळतात. या घटकात नेमके उलटे करायचे आहे.

इमाम बुखारी (हि. १९४–२५६, इ.स. ८१०–८७०) यांच्या संग्रहातली पहिलीच हदीस घेऊ. मतन सगळ्यांना माहीत असते : कर्मे हेतूंवर अवलंबून असतात. सनद अशी आहे : बुखारी ← हुमैदी ← सुफियान इब्न उयैना ← यह्या इब्न सईद अन्सारी ← मुहंमद इब्न इब्राहीम तैमी ← अल्कमा इब्न वक्कास लैसी ← उमर इब्न खत्ताब ← पैगंबर. उमर यांनी हे मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून सांगितले, असे अल्कमा म्हणतात.

आता या साखळीला चार वेगवेगळे प्रश्न विचारायचे. प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि हीच गोष्ट विद्यार्थ्यांना सर्वांत उशिरा कळते.

पहिला प्रश्न : साखळी कुठे जाऊन थांबते? पैगंबरांपर्यंत गेली तर मर्फू. सहाबींपाशी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांपाशी थांबली तर मौकूफ. त्यानंतरच्या पिढीपाशी, ताबिईंपाशी, थांबली तर मक्तू. आपली हदीस मर्फू आहे. लक्षात घ्या, मर्फू म्हटल्याने ती खरी ठरत नाही. बनावट वचनही पैगंबरांच्याच नावावर घातलेले असते.

दुसरा प्रश्न : मधली कडी निखळली आहे का? इथे सन हाताशी ठेवून बसावे. सुफियान यांचा मृत्यू हि. १९८ मधला. बुखारी तेव्हा अवघे चार वर्षांचे. बुखारींनी थेट सुफियान यांचे नाव घेतले असते तर कडी तुटलेली आहे हे लगेच दिसले असते. मध्ये हुमैदी आहेत म्हणून ती जुळते. जुळलेल्या साखळीला मुत्तसिल म्हणतात.

तुटलेल्या साखळीला मात्र पुष्कळ नावे आहेत, कारण ती कुठे तुटली याने फरक पडतो. संग्राहकाच्या बाजूची कडी गळली तर मुअल्लक; ताबिईने सहाबीचा उल्लेख न करता थेट ‘पैगंबर म्हणाले’ म्हटले तर मुर्सल; लागोपाठ दोन गळले तर मुअदल; इतरत्र कुठे तुटली तर मुन्कती. यातले मुर्सल नीट समजून घ्या, कारण तिथे मोठे मतभेद आहेत. हनफी आणि मालिकी फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे पंडित, भरवशाच्या ताबिईचे मुर्सल सामान्यतः स्वीकारत. शाफिई यांनी अटी घातल्या : ताबिई ज्येष्ठ हवा, आणि दुसरीकडून दुजोरा हवा. बहुसंख्य मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसशास्त्रज्ञांनी, मुर्सल दुबळे मानले, कारण गळलेला माणूस सहाबीच होता याची खात्री काय? ताबिईने दुसऱ्या ताबिईकडून ऐकलेले असू शकते. आपल्याच साखळीत पाहा, यह्या, मुहंमद आणि अल्कमा हे तिघेही ताबिई आहेत, एकामागे एक.

तुटणे लपवलेलेही असते. रावी ‘मला अमक्याने सांगितले’ न म्हणता नुसते ‘अमक्याकडून’ म्हणतो, अरबीत ‘अन’. यातून प्रत्यक्ष ऐकल्याचा भास होतो, पण ऐकलेले असेलच असे नाही. याला तदलीस म्हणतात. पैगंबरांचे चरित्रकार इब्न इसहाक यांच्याबाबत म्हणून नियमच झाला : त्यांनी ‘मला सांगितले’ म्हटले तर विचार करायचा, ‘अन’ म्हटले तर थांबायचे. या ‘अन’वरून बुखारी आणि दुसरे मोठे संग्राहक इमाम मुस्लिम (मृत्यू हि. २६१, इ.स. ८७५) यांच्यातही फरक पडला. मुस्लिम यांना दोघे समकालीन असणे आणि भेट शक्य असणे पुरेसे वाटे; बुखारींना भेट झाल्याचा पुरावा लागे. बुखारींचा संग्रह वरचढ मानला जातो त्यामागे हे एक कारण आहे.

तिसरा प्रश्न : प्रत्येक टप्प्यावर सांगणारे किती? इतके की संगनमत अशक्य वाटावे, तर मुतवातिर. ‘जो माझ्या नावावर जाणूनबुजून खोटे रचेल त्याने नरकात आपली जागा धरावी’ ही हदीस त्याचे नेहमीचे उदाहरण. ती साठांहून अधिक सहाबींकडून आल्याचे सांगितले जाते. बाकी सगळे आहाद : एखाद्या टप्प्यावर एकच माणूस उरला तर गरीब, दोन असतील तर अजीज, तीन किंवा अधिक पण मुतवातिरपेक्षा कमी तर मशहूर. इथला गरीब म्हणजे निर्धन नव्हे, एकटा. आणि आपली हेतूंची हदीस? उमर, अल्कमा, मुहंमद, यह्या अशी चार टप्पे ती एकट्याच्याच खांद्यावर येते. यह्या यांच्यापासून पुढे मात्र ती असंख्य शिष्यांत पसरते. मिंबरवरून अनेकांनी ऐकलेले वाक्य एकाच अल्कमांकडून यावे, याची नोंद जुन्या भाष्यकारांनीही घेतली आहे. म्हणजे जनमानसात ती अतिशय प्रसिद्ध, पण शास्त्रीय भाषेत गरीब. आणि तरीही सहीह, म्हणजे अस्सल.

ते कसे? हा चौथा प्रश्न : माणसे कशी आहेत? रावीत दोन गुण पाहतात : अदालत, म्हणजे चारित्र्य; आणि जब्त, म्हणजे स्मरण किंवा लेखन यांचा पक्केपणा. भला माणूस विसरभोळा असू शकतो. इजिप्तचे इब्न लहीआ (मृत्यू हि. १७४) यांची पुस्तके जळाल्याचे सांगतात, त्यानंतर त्यांच्या कथनात घोळ झाला, म्हणून त्यांच्याकडून आधी ऐकणाऱ्यांचे कथन अधिक विश्वसनीय मानले गेले. एकाच माणसाची दोन मोजमापे!

जुळलेली साखळी, दोन्ही गुणांनी पक्के रावी, अधिक विश्वासू कथनाशी विरोध (शुजूज) नाही, आणि आतला लपलेला दोष (इल्लत) नाही, अशी सहीहची पाच अंगांची व्याख्या इब्न सलाह (मृत्यू हि. ६४३) यांनी दिली. बाकी तसेच, पण जब्त थोडे हलके, तर हसन, ही पायरी तिर्मिजी (मृत्यू हि. २७९) यांच्या संग्रहाने रुळवली. खालची जईफ. मराठीत जईफ म्हणजे म्हातारा, अरबीत दुबळा. रचलेले वचन मौजू. ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जा’ हे आपल्याकडच्या भाषणांत हमखास येणारे वाक्य इब्न जौजी (मृत्यू हि. ५९७) यांनी बनावट वचनांच्या संग्रहात टाकले. विचार चांगला आहे म्हणून सनद सुधारत नाही.

ही छाननी सुरू का झाली, यावर इब्न सीरीन (मृत्यू हि. ११०) यांचे म्हणणे मुस्लिम यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे : पूर्वी सनद कोणी विचारत नसे, फितना, म्हणजे मुस्लिमांमधली यादवी, उद्भवल्यावर लोक ‘तुमची माणसे सांगा’ म्हणू लागले. हा फितना कोणता, यावर आधुनिक अभ्यासकांत वाद आहे. तो सहाव्या घटकात, त्यांपैकीच एक असलेल्या योसेफ शाख्त यांच्यासोबत.

पुढच्या तासासाठी : मालिक (जन्म हि. ९३), नाफी (मृत्यू हि. ११७), इब्न उमर (मृत्यू हि. ७३ किंवा ७४). ‘मालिक ← नाफी ← इब्न उमर ← पैगंबर’ या साखळीला चारही प्रश्न विचारा. मग नाफी यांचे नाव पुसून टाका आणि काय बदलते ते लिहून आणा. सन वापरल्याशिवाय दिलेले उत्तर तपासले जाणार नाही.