जॉइनिंग किटमधल्या दोन डिक्लरेशन फॉर्मबद्दल

नमस्कार अभिजित,

काल फोनवर तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: दोन्ही फॉर्ममध्ये नातेवाइकांचीच माहिती आहे, मग तेच दोनदा का भरायचं? आणि मेहुण्यांचं वर्कशॉप लिहायलाच हवं का? मीटिंगला पळताना नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी मेहुण्यांचं. हो, लिहायचं. त्यांचं भोसरीत सीएनसी जॉबवर्क आहे, आपल्याकडे ते व्हेंडर नाहीत, हे खरं. पण तुमचं खातं परचेसचं. उद्या एखाद्या ब्रॅकेटच्या मशीनिंगला तीन कोटेशनं आली, त्यात एक त्यांचं असलं आणि दर खरोखरच सगळ्यांत कमी असला, तरी फॉर्मवर ‘लागू नाही’ अशी टिक असेल तर तुमचं कोण ऐकून घेणार? शिवाय त्यांच्या मशीनच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. माझ्या दृष्टीने नात्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं. त्यांचं काम वाढलं तर हप्ते सुरळीत जाणार, नाहीतर बँक तुमच्या दारात. म्हणजे त्यांना ऑर्डर मिळण्यात तुमचाही पैशाचा संबंध आला.

तेव्हा पहिल्या, म्हणजे हितसंबंधांच्या फॉर्मच्या चौथ्या रकान्यात सरळ असं लिहा: ‘पत्नीच्या भावाची भोसरी एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कची प्रोप्रायटरी फर्म आहे. त्यात माझी किंवा पत्नीची भागीदारी नाही. फर्मच्या मशीन लोनला मी जामीनदार आहे. सध्या कंपनीशी व्यवहार नाही. मशीनिंगची कोटेशनं माझ्या मंजुरीसाठी येतात.’ शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि मला नेमकं तेच लागतं.

पुढे काय होतं, तर मी आणि प्लांट हेड बसून ठरवतो. तुमच्या बाबतीत बहुधा एवढंच होईल: त्या फर्मचं कोटेशन आलं, तर त्या खरेदीची तुलना आणि पीओची मंजुरी दुसऱ्या प्लांटचे परचेस मॅनेजर करतील, आणि तसं लेखी राहील. अप्रेझलशी याचा संबंध नाही. आमच्याकडे चौकशीला येतात ती प्रकरणं न सांगितलेल्या गोष्टींचीच असतात.

दुसरा, रिलेटेड पार्टी व्यवहारांचा फॉर्म फायनान्सकडे जातो. पहिला तुमच्या निर्णयात नातं आड येऊ नये म्हणून, हा संबंधितांशी झालेले व्यवहार कंपनीच्या हिशेबात दिसावेत म्हणून; हेतू वेगळा, त्यामुळे नात्यांची यादीही वेगळी. ती कंपनी कायदा २०१३ आणि त्याखालच्या नियमांतून घेतली आहे: पती किंवा पत्नी, हिंदू एकत्र कुटुंबातले सदस्य, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण; यांतले आई-वडील, मुलगा, भाऊ, बहीण सावत्र असले तरी धरायचे. मेहुणा त्यात नाही, सासरेही नाहीत. त्यामुळे भोसरीची फर्म इथे येणार नाही. मात्र तुमचे भाऊ ज्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये डायरेक्टर आहेत ती येईल, आणि वडील कर्ता असलेल्या एचयूएफचा पॅनसुद्धा. फायनान्स हे पॅन व्हेंडर मास्टरशी ताडून बघतं.

एक खुलासा, कारण तुम्ही स्वतः कायदा उघडून बघाल असं वाटतं. त्यात ‘मॅनेजर’ म्हणजे सगळ्या कंपनीचा कारभार पाहणारा माणूस. तुमचं-माझं पद त्यात बसत नाही. तुमच्या ग्रेडकडून हा फॉर्म घेणं हा ग्रुपचा स्वतःचा नियम आहे. असे व्यवहार हेड ऑफिस आपल्या हिशेबात आयएएस २४ या मानकाप्रमाणे दाखवतं, आपण इंड एएस २४ प्रमाणे; दोन्हींचा भर मुख्य व्यवस्थापनावर आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबावर आहे. ग्रुपने जाळं जरा जास्तच मोठं टाकलंय असं माझंही मत आहे, पण भरावं तर लागेल.

बाकीचं झटपट. म्युच्युअल फंड लिहू नका. वहिनींची एलआयसी एजन्सी पहिल्या फॉर्ममध्ये लिहा. तुमच्या टीममधल्या कुणाला पॉलिसी विकणं मात्र टाळा, मुलं नाही म्हणू शकत नाहीत. रविवारच्या इंजिनिअरिंग क्लासला वेगळी परवानगी लागते, तो अर्ज एचआरकडे मिळेल. दिवाळीच्या भेटींचं रजिस्टर वेगळं आहे, ते इथे नको.

फॉर्म दर एप्रिलमध्ये नव्याने भरायचा असतो. मध्ये काही बदललं, मेहुण्यांनी तुम्हाला भागीदार करून घेतलं समजा, तर ३० दिवसांत कळवायचं. जामिनाची कागदपत्रं जोडायची गरज नाही, बँकेचं नाव आणि रक्कम पुरे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही सही करून पाठवा. पहिला थेट माझ्या मेलवर, एचआरच्या ग्रुप मेलवर नको. तो बारा जण वाचतात.

मेधा
कंप्लायन्स, चाकण प्लांट